परदेशात लोकल सिम घातल्यावर ओटीपी येत नाही: नेमकं कुठे अडतं ते कसं शोधायचं

परदेशात पोचल्यावर लोकल सिम घेतलं, इंटरनेट चालू झालं, व्हॉट्सॲपवर घरच्यांशी बोलणंही झालं. मग कार्डाने हॉटेलचे पैसे भरायला जावं, तर पडद्यावर ‘तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे’ असं येतं आणि मोबाइलवर काहीच येत नाही. ही अडचण पुन्हा पुन्हा विचारली जाते, म्हणून ती एकदा नीट, मुळापासून लिहितो.

बऱ्याच जणांचा पहिला संशय बँकेवर जातो. बँकेने परदेशात ओटीपी पाठवणं बंद केलं असावं, असं वाटतं. पण बहुतेक वेळा बँकेने मेसेज पाठवलेला असतो आणि तो तुमच्या घरच्या मोबाइल कंपनीकडे अडून बसलेला असतो, कारण तुमचं सिम या क्षणी कुठे आहे हे त्या कंपनीला ठाऊकच नसतं. हे एकदा लक्षात आलं की पुढचा शोध सोपा होतो.

मेसेज तुमच्यापर्यंत येतो कसा

ओटीपी फोनला येत नाही, सिमला येतो. तुमचा नोंदवलेला नंबर ज्या सिमवर आहे ते सिम पाकिटात असेल, तर कोड येण्याचा प्रश्नच नाही. लोकल सिमचा नंबर वेगळा आणि बँकेला त्याचा पत्ताही नाही. सांगायला हे साधं वाटतं, पण एकच सिम बसणाऱ्या फोनमध्ये लोकल सिम घालून ओटीपीची वाट बघत बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांची दिशाभूल व्हॉट्सॲपमुळे होते. व्हॉट्सॲप नंबर तपासतं ते खातं सुरू करताना. त्यानंतर ते बहुतेक वेळा निव्वळ इंटरनेटवर चालतं, सिम फोनमध्ये नसलं तरी. त्यामुळे ‘व्हॉट्सॲप चालतंय म्हणजे माझा नंबर चालू आहे’ हा निष्कर्ष साफ चुकीचा ठरतो.

आता घरचं सिम फोनच्या दुसऱ्या जागेत आहे असं धरू. बँक कोड पाठवते तो तुमच्या घरच्या मोबाइल कंपनीच्या मेसेज केंद्राकडे जातो. हे केंद्र कंपनीच्या नोंदवहीला विचारतं, ‘हा ग्राहक सध्या कुठे आहे?’ या नोंदवहीला होम लोकेशन रजिस्टर म्हणतात. तुमचं सिम परदेशातल्या एखाद्या नेटवर्कवर नोंदलं गेलं असेल, तर त्या नेटवर्कचा पत्ता या वहीत असतो आणि मेसेज थेट तिकडे जातो. नोंदच नसेल तर मेसेज केंद्रातच थांबतो. केंद्र थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करत राहतं, पण कोडची मुदत असते काही मिनिटांची. मेसेज पोचेपर्यंत आतला कोड निकामी झालेला असतो.

म्हणून शोधायचं ते एवढंच: घरचं सिम या क्षणी इथल्या कुठल्या नेटवर्कवर नोंदलं गेलंय का?

आधी फोनचा वरचा कोपरा बघा

सिग्नलच्या रेषा दोन सिमसाठी वेगवेगळ्या असतात. सूचनांची पट्टी खाली ओढली की दोन्ही सिमच्या पुढे कंपनीचं नाव दिसतं. घरच्या सिमपुढे इथल्या एखाद्या कंपनीचं नाव आणि रेषा दिसत असतील, तर सिम नोंदलं गेलंय. `No Service`, `SOS` किंवा `Emergency calls only` असं दिसत असेल, तर नोंद झालेली नाही. मग बँकेशी भांडण्यात अर्थ नाही.

नोंद नसण्याचं सगळ्यांत सामान्य कारण म्हणजे घरची लाइनच बंद केलेली असते. लोकल ई-सिम घालताना फोन विचारतो की मोबाइल डेटा कुठल्या सिमवर चालवायचा. रोमिंगच्या बिलाची धास्ती असते, म्हणून माणूस डेटा लोकल सिमकडे वळवतो आणि जोडीला घरचं सिमही बंद करून टाकतो. आयफोनवर हे बटण `Turn On This Line` या नावाने असतं, अँड्रॉइडवर सिमच्या पानावर असतं. ते चालूच ठेवायचं. बिल वाढतं ते मुख्यतः डेटाने, आणि डेटासाठी घरच्या सिमचं `Data Roaming` बंद ठेवलं आणि मोबाइल डेटा लोकल सिमवर ठेवला की पुरतं. रोमिंगमध्ये आलेला एसएमएस बऱ्याच कंपन्यांकडे फुकट असतो, पण आपल्या प्लॅनमध्ये तसं आहे ना हे निघण्याआधी वाचून घ्या.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. फोनमधलं `Data Roaming` हे बटण वेगळं आणि कंपनीकडे सुरू असलेली रोमिंग सेवा वेगळी. कंपनीने तुमच्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरूच केलं नसेल, तर फोनमध्ये काहीही केलं तरी इथलं नेटवर्क तुमचं सिम घेणार नाही. प्रीपेड सिमची वैधता संपली असेल तरी हेच होतं. ही सेवा परदेशातून सुरू करायची वेळ आली तर कंपनीचं ॲप लॉगिनसाठी ओटीपी मागतं, तोही त्याच बंद नंबरवर, आणि माणूस चक्रात सापडतो. त्यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे कंपनीचा परदेशातून लागणारा मदत क्रमांक. तो निघण्याआधीच कागदावर लिहून ठेवावा, कारण नंतर तो नेमका सापडत नाही.

सगळं चालू आहे, तरी नेटवर्क सिम घेत नाही

या कारणाकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

पूर्वी परदेशात सिम सहज चालायचं, कारण ४जीवर कॉलची सोय नसली तरी फोन खाली ३जी किंवा २जीवर उतरायचा. आता ती खालची पायरीच अनेक देशांत काढून टाकली आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ मध्ये पूर्ण बंद झालं. अशा देशात फोनला कॉलही ४जीवरूनच करावा लागतो, म्हणजे व्हीओएलटीई लागतं. त्यासाठी फोनमध्ये ते चालू हवं आणि तुमच्या घरच्या कंपनीचा इथल्या कंपनीशी तसा करारही हवा. बहुतेक फोन असे वागतात की कॉल करता येणार नाहीत असं दिसलं की ते नेटवर्कच सोडतात आणि दुसरं शोधत फिरतात. दुसरं काही नसतंच. मग घरच्या सिमपुढे `Emergency calls only` येतं, आणि त्याच फोनमधलं लोकल सिम मात्र ५जीवर मजेत चालत असतं.

माझ्या मावसभावाचं ऑस्ट्रेलियात असंच झालं. त्याचा फोन दोन सिमचा. लोकल ई-सिमवर इंटरनेट उत्तम, घरच्या सिमची लाइन चालू, कंपनीकडून रोमिंगही सुरू झालेलं. तरी घरच्या सिमपुढे ‘फक्त आपत्कालीन कॉल’. मी त्याला व्हिडिओ कॉलवर सिमचं सेटिंग उघडायला लावलं. त्या सिमचा नेटवर्क प्रकार ‘३जी/२जी’ वर ठेवलेला निघाला. बॅटरी वाचावी म्हणून त्याने तो घरी असताना कधीतरी बदलला होता आणि विसरून गेला होता. घरी त्याने काही बिघडलं नाही, कारण तिथे जुनं नेटवर्क अजून चालू होतं. इथे मात्र त्या सिमला पकडायला काहीच नव्हतं. तो प्रकार ‘४जी/ऑटो’ केला आणि त्या सिमवर व्हीओएलटीई चालू केलं. अँड्रॉइडवर हे बटण `VoLTE` किंवा `4G Calling` नावाने दिसतं.

तरीही नेटवर्क आपोआप लागेना. मग नेटवर्क निवड ‘आपोआप’ वरून ‘स्वतः निवडा’ वर आणली. फोनने शोध घेतला (याला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ थांबावं), आणि इथल्या कंपन्यांची यादी दाखवली. पहिल्या नावावर टॅप केलं तर नकार आला. म्हणजे त्या कंपनीशी घरच्या कंपनीचा करार नव्हता. दुसऱ्या नावावर सिम नोंदलं गेलं, आणि थोड्याच वेळात अडकलेले सगळे ओटीपी एकापाठोपाठ येऊन पडले. सगळे जुने, निरुपयोगी. पण ते आले, याचाच अर्थ बँकेने प्रत्येक वेळी कोड पाठवला होता.

ते एकदम का आले, हे समजून घेतलं तर एक छोटी युक्ती हाती लागते. मेसेज अडला की घरच्या कंपनीच्या नोंदवहीत तशी खूण पडते. सिम कुठेही नव्याने नोंदलं गेलं की वही मेसेज केंद्राला कळवते आणि केंद्र लगेच पुन्हा पाठवतं. म्हणून नेटवर्क दिसत असूनही कोड येत नसेल, तेव्हा विमान मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करावा. सिम पुन्हा नोंदलं जातं आणि थांबलेला मेसेज बऱ्याचदा सुटतो.

जुन्या दोन-सिम फोनमध्ये आणखी एक खोच आहे. त्यातल्या एकाच जागेत ४जी चालतं, दुसरीत फक्त २जी किंवा ३जी. ३जी बंद झालेल्या देशात घरचं सिम चुकीच्या जागेत असेल तर सेटिंगने काही होत नाही, सिमच्या जागा बदलाव्या लागतात.

नेटवर्क आहे, तरी कोड नाही

आता ही दुसरी शक्यता. ती तपासायला घरच्या एखाद्या माणसाकडून तुमच्या नोंदणीकृत नंबरवर साधा एसएमएस मागवा. साधा म्हणजे खरोखर साधा. दोन्हीकडे आयफोन असतील तर मेसेज निळा होऊन इंटरनेटवरून येतो, आणि अँड्रॉइडवरही आरसीएस ही इंटरनेटवरून मेसेज पाठवायची सोय चालू असेल तर तसंच होतं. अशा मेसेजने काहीच सिद्ध होत नाही. पाठवणाऱ्याने ती सोय बंद करून पाठवावा. तो आला, तर तुमचं सिम आणि रोमिंग ठीक आहे आणि गडबड बँकेच्या बाजूला किंवा तिच्या मेसेज पाठवणाऱ्या मध्यस्थाकडे आहे. तो आला नाही, तर दोष तुमच्या मोबाइल कंपनीकडे आहे. ही एक चाचणी केली की कुणाकडे तक्रार करायची हे कळतं आणि दोन्ही मदत केंद्रांनी एकमेकांकडे बोट दाखवणं थांबतं.

घरच्या नंबरवर कॉल करून बघायचा मोह होतो. त्याने सिम नोंदलंय का हे कळतं खरं, पण तो कॉल उचलू नका, आणि व्हॉइसमेल असेल तर सांभाळा. न उचललेला कॉल परदेशातून परत घरच्या व्हॉइसमेलकडे वळवला जातो आणि काही कंपन्या या वळणाचेही पैसे लावतात.

मावसभावाच्या गोष्टीचा पुढचा भाग याच ठिकाणचा आहे. पुन्हा पुन्हा कोड मागवल्यामुळे त्याचं कार्ड बँकेने थांबवलं होतं. म्हणून त्याने लोकल सिमवरून बँकेला फोन लावला. बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘ओळख पटवण्यासाठी कोड पाठवलाय, वाचून दाखवा.’ घरचं सिम तोवर व्यवस्थित नोंदलेलं होतं, तरी कोड नाही. त्यांनी पुन्हा पाठवला, तरी नाही. फोन ठेवला आणि लगेच दोन्ही कोड आले.

यात बँकेची चूक नव्हती. दोन सिमच्या बहुतेक फोनांमध्ये दोन्ही सिम एकाच रेडिओवर पाळीपाळीने चालतात. दोघं एकदम जागी असतात, पण एका सिमवर कॉल सुरू झाला की दुसरं तेवढ्यापुरतं संपर्काबाहेर जातं. म्हणजे लोकल सिमवर बोलत असताना घरच्या सिमवर ओटीपी येऊ शकत नाही. उपाय सरळ आहे: असा कॉल दुसऱ्या फोनवरून करा, हॉटेलच्या फोनवरून करा किंवा बँकेच्या ॲपमध्ये इंटरनेटवरून बोलायची सोय असेल तर ती वापरा. त्याने दुसऱ्यांदा हॉटेलच्या फोनवरून बँकेला कॉल केला, कोड बोलता बोलताच आला आणि कार्ड सुरू झालं.

`Resend` वर पुन्हा पुन्हा टॅप करू नका

नवा कोड मागितला की जुना सहसा रद्द होतो. मेसेज अडकून येत असतील तर ते मागितलेल्या क्रमानेच येतील असं नाही. मग तुम्ही तिसरा कोड टाकता तेव्हा बँक चौथ्याची वाट बघत असते. ठरावीक वेळा चुकीचा कोड टाकला गेला की खातं थांबतं, आणि ते सोडवायला पुन्हा ओटीपी लागतो. एकदा कोड मागवा, विमान मोड लावून काढा, कोडची मुदत संपेपर्यंत वाट बघा. नाही आला तर आधी वरची चाचणी करा, मगच नवा कोड मागा.

हे दोन उपाय करू नका

पहिला म्हणजे घरच्या नंबरवरून लोकल नंबरवर कॉल फॉरवर्ड लावणं. त्याने फक्त कॉल वळतात, एसएमएस कधीच वळत नाही. ओटीपीसाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही, उलट वळवलेल्या प्रत्येक कॉलचे पैसे लागतात. निघण्याआधी आपल्या नंबरवर असं काही लावलेलं नाही ना हे डायल करून बघता येतं:

```
*#62#
```

सिम संपर्कात नसताना येणारे कॉल कुठे जातात, ते यातून कळतं.

दुसरा उपाय म्हणजे बँकेत लोकल सिमचाच नंबर नोंदवणं. लांबच्या मुक्कामासाठी हे योग्य असू शकतं, पण दोन आठवड्यांच्या प्रवासासाठी मी तसं करू नये असंच सांगेन. एक तर अनेक बँकांची मेसेज व्यवस्था परदेशी नंबरांना कोड पाठवतच नाही, किंवा पाठवला तरी नंबरापुढे देशाचा कोड नीट लागलेला नसेल तर तो कुठेतरी हरवतो. त्यात काही देश पाठवणाऱ्याचं नाव आधी नोंदवायला लावतात. सिंगापुरात २०२३ पासून न नोंदवलेल्या नावाने आलेल्या मेसेजवर `Likely-SCAM` असा शिक्का बसतो, त्यामुळे बँकेचा खरा मेसेजही लोक दुर्लक्षित करू शकतात. आणि मोठा धोका नंतरचा: प्रवासी सिमची मुदत संपली की तो नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला मिळतो. बँकेत तो बदलायचा राहिला असेल, तर तुमचे कोड त्या माणसाच्या फोनवर जातील.

निघण्याआधी करून ठेवायच्या गोष्टी

फोनमध्ये सिमची एकच जागा असेल तर घरचं सिम ई-सिममध्ये बदलून घ्या, म्हणजे ती जागा लोकल सिमला मोकळी राहते. हे निघायच्या आदल्या दिवशी करू नका. नवं सिम सुरू झाल्यावर काही ठिकाणी सुरक्षेसाठी थोडा काळ ओटीपी रोखून धरतात.

वाय-फाय कॉलिंग चालत असेल तर ते घरीच चालू करून ठेवा. आयफोनवर `Wi-Fi Calling` असं बटण आहे. घरच्या कंपनीने परदेशातूनही त्याला परवानगी दिलेली असेल, तर इथलं मोबाइल नेटवर्क सिम घेवो न घेवो, हॉटेलच्या वाय-फायवरूनही एसएमएस येऊ शकतो. काही कंपन्या मात्र ते देशाबाहेर बंद ठेवतात, म्हणून आधी विचारून घ्या.

त्याहून भरवशाचं म्हणजे जिथे जिथे शक्य आहे तिथे एसएमएसवरचं अवलंबित्वच काढून टाकणं. बँकेच्या ॲपमध्ये व्यवहार मंजूर करायची सोय असेल तर ती सुरू करा. ती इंटरनेटवर चालते, लोकल सिमवरही चालते. ईमेल आणि इतर खात्यांसाठी ऑथेंटिकेटर ॲप लावा. त्यातला कोड फोन स्वतःच दर ३० सेकंदांनी गुप्त किल्ली आणि वेळ यांवरून काढतो, नेटवर्क लागतच नाही. फक्त घड्याळ अचूक हवं. देश बदलला की टाइम झोन बदलला तरी चालतं, पण काटे हाताने पुढे-मागे करून घड्याळ जुळवलं तर कोड चुकतो. वेळ ‘आपोआप’ वरच ठेवा. याच खात्यांचे राखीव कोड मिळतात, ते कागदावर उतरवून फोनपासून वेगळे ठेवा. हे सगळं घरच्या सिमवर कोड येत असतानाच करावं लागतं, कारण प्रत्येक बदलाला शेवटचा एक ओटीपी लागतोच.

आणि मोबाइल कंपनीला फोन कराल तेव्हा ‘रोमिंग आहे का’ एवढंच विचारून थांबू नका, उत्तर ‘आहे’ असंच मिळेल. हे विचारा: ‘मी अमुक देशात जातोय. तिथे तुमचा करार कुठल्या कंपन्यांशी आहे, त्यांपैकी कुणाबरोबर व्हीओएलटीई रोमिंग चालतं, आणि माझ्या या मॉडेलच्या फोनवर ते चालेल का?’ त्या कंपन्यांची नावं लिहून घ्या. तिथे उतरल्यावर नेटवर्क हाताने निवडायची वेळ आली, तर यादीतलं कुठलं नाव धरायचं हे तुम्हाला आधीच माहीत असेल.